‘भाग २’ नेमका कोणाचा? रिमेक, रिबूट, सीक्वल आणि स्पिन-ऑफ ओळखून पाहण्याचा क्रम कसा ठरवावा

समस्या

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या सभागृहात अधूनमधून शनिवारी संध्याकाळी प्रोजेक्टरवर चित्रपट दाखवला जातो आणि त्यांची निवड व क्रम ठरवण्याचे काम माझ्याकडे असते. या कामात एकच अडचण पुन्हापुन्हा उभी राहते. एखाद्या मालिकेतील नवा चित्रपट दाखवायचा ठरला की त्याआधी काय पाहिलेले असावे, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. कोणी म्हणते की मूळ दाक्षिणात्य चित्रपट पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कोणी म्हणते की नावात आकडा आहे तेवढेच पाहावेत, आणि ज्येष्ठ मंडळींचा आग्रह असतो की सगळे पहिल्यापासून लावावेत, मग त्याला चार शनिवार लागले तरी चालतील.

गोंधळाचा दुसरा प्रकार घरोघरी दिसतो. आमच्या इमारतीतील एका काकूंनी ‘दृश्यम’ हिंदीत पाहिला होता. नंतर एका स्ट्रीमिंग सेवेवर ‘दृश्यम २’ दिसला म्हणून त्यांनी तो लावला आणि पूर्णही केला. तो मल्याळम ‘दृश्यम २’ होता. विजय साळगावकरच्या जागी जॉर्जकुट्टी का आहे, गोव्याचे केरळ कसे झाले आणि तब्बूने साकारलेल्या पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख कुठे गेल्या, हे प्रश्न त्यांना चित्रपटभर पडत राहिले. दुसऱ्या भागातील सर्वांत मोठे रहस्य त्यांना कळले खरे, पण ज्या कुटुंबाची काळजी त्यांनी पहिल्या भागात वाहिली होती, त्या कुटुंबाच्या तोंडून ते कळले नाही.

कारण

चित्रपटाचे नाव आणि त्यापुढचा आकडा हे नाव कोणाच्या मालकीचे आहे आणि प्रेक्षकाला कोणती जुनी आठवण करून द्यायची आहे, एवढेच सांगतात. कथेचे नाते ते सांगतीलच असे नाही. याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे ‘धडक २’. ‘सैराट’ २०१६ साली आला, त्याचा हिंदी रिमेक ‘धडक’ २०१८ साली आला, आणि २०२५ साली ‘धडक २’ आला. नावावरून हा आर्ची-परश्याच्या हिंदी प्रतिरूपांचा पुढचा प्रवास असावा असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात ‘धडक २’ हा मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ या २०१८ च्या तमिळ चित्रपटाचा रिमेक आहे. त्यातील नीलेश आणि विधी यांना ‘धडक’मधील कोणीही ओळखत नाही. जात आणि प्रेम हा विषय समान असल्यामुळे नाव पुढे चालवले गेले. हा चित्रपट पाहण्यासाठी आधी काहीही पाहण्याची गरज नाही.

याच्या उलटही घडते. ‘सिम्बा’ या नावात ना ‘सिंघम’ आहे, ना आकडा, तरीही तो ‘सिंघम’च्याच जगातला आहे. स्ट्रीमिंग सेवांची यादी नावांचे साम्य आणि लोकप्रियता पाहून चित्रपट शेजारी ठेवते, त्यामुळे ‘धडक’ शेजारी ‘धडक २’ दिसतो, दोन भाषांतील ‘दृश्यम २’ एकत्र दिसतात आणि ‘सिम्बा’ कुठेतरी तिसऱ्याच ओळीत राहतो.

कसोटी

मी दोन प्रश्न विचारतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. पहिला प्रश्न असा की, आधीच्या चित्रपटात जे घडले ते या चित्रपटातील माणसांच्या आयुष्यात घडलेले आहे का, म्हणजे त्यांना ते आठवते का? दुसरा प्रश्न असा की, ही गोष्ट मुख्यतः कोणाची आहे, त्याच माणसाची की दुसऱ्या कोणाची?

माणसांना काहीच आठवत नसेल आणि तीच घटनामालिका नव्या माणसांच्या बाबतीत पुन्हा घडत असेल, तर तो रिमेक. काहीच आठवत नसेल, पण नायक तोच असेल आणि त्याची गोष्ट नव्या प्रसंगांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल, तर तो रिबूट. आठवत असेल आणि नायकही तोच असेल, तर सीक्वल. आधीच्या घटना त्या जगात घडून गेलेल्या असतील, पण गोष्ट मात्र दुसऱ्या कोणाची असेल, तर स्पिन-ऑफ.

रिबूट आपल्याकडे कमी आढळतो, म्हणून त्याचे उदाहरण बाहेरून घ्यावे लागते. ‘स्पायडर-मॅन’ची टोबी मॅग्वायर यांची मालिका २००२ साली सुरू झाली आणि २००७ साली तिसऱ्या चित्रपटाने थांबली. २०१२ साली अँड्र्यू गारफिल्ड यांना घेऊन ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ आला, तेव्हा पीटर पार्कर पुन्हा शाळेत होता, त्याला पुन्हा कोळी चावला आणि आधीच्या तीन चित्रपटांतील एकही घटना त्याच्या आयुष्यात घडलेली नव्हती. हा रिमेक नव्हे, कारण २००२ चे कथानक त्यात पुन्हा सांगितलेले नाही. त्याचा खलनायकही वेगळा आहे. २०१७ साली टॉम हॉलंड यांच्यासह पुन्हा नवी सुरुवात झाली. रिबूटचा प्रेक्षकाला होणारा लाभ असा की जुन्या मालिकेचे ओझे त्याच्यावर राहत नाही. मात्र याला २०२१ च्या ‘नो वे होम’चा सणसणीत अपवाद आहे. त्यात आधीच्या दोन्ही मालिकांतील खलनायक परत येतात, त्यामुळे तोवर वेगळ्या राहिलेल्या गोष्टी अचानक एकमेकींना आठवू लागतात. तो पाहण्याआधी किमान २००२ चा पहिला, २००४ चा दुसरा आणि २०१२ चा चित्रपट पाहिलेला असावा, असे माझे मत आहे, नाहीतर पडद्यावरील माणसांचे परस्परांकडे पाहणे कळत नाही.

सीक्वलमध्ये स्मरण किती घट्ट आहे हेही पाहावे लागते. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ ही मालिका घट्ट स्मरणाची आहे. २०१० च्या पहिल्या चित्रपटात लग्नासाठी मुलगा पाहायला मुंबईहून आलेली मुलगी आणि पुण्यातला एक मुलगा यांची एका दिवसाची भटकंती आहे. २०१५ च्या दुसऱ्या भागात त्यांच्या लग्नाची गोष्ट आहे आणि २०१८ चा तिसरा भाग लग्नानंतर सुरू होतो. पहिल्या भागात त्यांची नावे सांगितलेलीच नाहीत. गौतम आणि गौरी ही नावे आपल्याला दुसऱ्या भागात कळतात. अशा मालिकेत क्रम बदलला तर ती दोघे एकमेकांना अनोळखी असण्यातली सारी गंमत जाते.

स्पिन-ऑफचा माझ्या मते सर्वांत चोख नमुना म्हणजे ‘बेटर कॉल सॉल’. ‘ब्रेकिंग बॅड’ या २००८ ते २०१३ च्या मालिकेतील एका वकिलाला केंद्रस्थानी आणून ती रचली गेली आणि २०१५ ते २०२२ या काळात प्रसारित झाली. तिचा बराचसा काळ ‘ब्रेकिंग बॅड’च्या आधीचा आहे. त्यामुळे काळाच्या क्रमाने पाहणारा माणूस ती आधी लावतो आणि तिथेच अडखळतो, कारण तिचे अगदी पहिले कृष्णधवल दृश्य ‘ब्रेकिंग बॅड’ संपल्यानंतरचे आहे. ते दृश्य ज्याला समजायचे आहे त्याने मूळ मालिका आधीच पाहिलेली असणे आवश्यक आहे.

कसोटीचे उत्तर चित्रपट न पाहता कसे मिळवावे

चित्रपट पूर्ण पाहिल्यावर हे कळणे सोपे असते. प्रश्न आधी कळण्याचा आहे. माझ्या अनुभवात सर्वांत भरवशाची जागा म्हणजे सुरुवातीची श्रेयनामावली. तिथे ‘कथा’ या शीर्षकाखाली कोणाचे नाव आहे ते पाहावे. दिग्दर्शक आणि पटकथाकार नवे असून मूळ कथेचे श्रेय दुसऱ्या भाषेतील लेखक-दिग्दर्शकाला दिलेले असेल, तर तो रिमेक असण्याची शक्यता फार मोठी असते. स्ट्रीमिंग सेवा ही नामावली वगळण्याचे बटण पुढे करते. ते दाबू नये.

त्यानंतर पात्रांची नावे ताडून पाहावीत. आधीच्या चित्रपटातील नायकाचे पूर्ण नाव आणि नव्या चित्रपटाच्या माहितीतील नायकाचे पूर्ण नाव जुळत असेल आणि अभिनेताही तोच असेल, तर सीक्वल. नाव तेच पण अभिनेता आणि दिग्दर्शक दोन्ही बदललेले असतील, तर रिबूटचा संशय धरावा. अभिनेता तोच आणि नाव वेगळे असेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट पाहून लोक फसतात. याचे एक उदाहरण पुढे येईल.

इथे दोन गोष्टी रिमेकपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. डब केलेला चित्रपट म्हणजे तोच चित्रपट, फक्त आवाज बदललेला. ‘बाहुबली’ हिंदीत पाहिला काय किंवा तेलुगूत पाहिला काय, क्रमाच्या दृष्टीने काही फरक पडत नाही. दुसरी गोष्ट पुणेकरांना माहीत असायलाच हवी. लॉ कॉलेज रस्त्यावर आज जिथे चित्रपटप्रशिक्षण संस्था आहे, तिथल्या प्रभात स्टुडिओत व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ आणि ‘दुनिया ना माने’ हे १९३७ साली, ‘माणूस’ आणि ‘आदमी’ हे १९३९ साली, तसेच ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ हे १९४१ साली मराठी व हिंदी अशा दोन भाषांत बनवले. या जोड्यांमध्ये मूळ आणि नक्कल असे नाते नाही. दोन्ही आवृत्त्या एकाच दिग्दर्शकाच्या, एकाच संस्थेच्या आणि एकाच निर्मितीतल्या आहेत. अशा वेळी ‘आधी कोणता’ हा प्रश्न विचारण्याचे कारण नाही. आपल्याला जी भाषा जवळची ती आवृत्ती पाहावी. मी स्वतः ‘कुंकू’ची बाजू घेईन, कारण नीरेचा नकार मराठीत ऐकताना अधिक धारदार वाटतो. एकच वर्ष आणि एकच दिग्दर्शक दिसला की रिमेक म्हणण्याआधी थांबून ही शक्यता तपासावी.

सोडवून दाखवलेले उदाहरण: ‘सिंघम अगेन’च्या आधी काय पाहावे

सोसायटीत सर्वांत जास्त वाद याच प्रश्नावर झाला, आणि चारपैकी तीन प्रकार या एका कुटुंबात सापडत असल्यामुळे तो सविस्तर पाहणे उपयोगाचे आहे.

२०१० साली हरी यांनी दिग्दर्शित केलेला तमिळ ‘सिंगम’ आला. त्यात सूर्या यांनी दुराई सिंगम हा पोलीस अधिकारी साकारला होता. २०११ साली रोहित शेट्टी यांचा हिंदी ‘सिंघम’ आला. त्याचा नायक बाजीराव सिंघम, गाव शिवगड, खलनायक जयकांत शिकरे. कसोटी लावली तर बाजीरावला दुराईच्या आयुष्यातील काहीच आठवत नाही. तो दुराईच्या जागी मराठी मातीत उभा केलेला माणूस आहे आणि घटनामालिका बरीचशी तीच आहे. म्हणजे हा रिमेक झाला. गंमत अशी की दोन्ही चित्रपटांत खलनायक प्रकाश राज यांनीच साकारला आहे, आणि त्यामुळे पुष्कळांना हे दोन चित्रपट एकमेकांना जोडलेले वाटतात. नावे वेगळी आहेत, गावे वेगळी आहेत. चेहऱ्याचे साम्य इथे पुरावा ठरत नाही.

पुढे दोन्ही वाटा वेगळ्या झाल्या. तमिळमध्ये २०१३ आणि २०१७ साली पुढचे दोन भाग आले, ते दुराई सिंगमचे. हिंदीत २०१४ साली ‘सिंघम रिटर्न्स’ आला, तो बाजीरावचा. तमिळ दुसरा भाग आणि हिंदी दुसरा भाग यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. दूरचित्रवाणीवर तमिळ चित्रपट हिंदीत डब होऊन लागतात तेव्हा त्यांच्या हिंदी नावांतही ‘सिंघम’ हा शब्द घातलेला असतो, आणि दुपारी अर्धवट पाहिलेला तो चित्रपट हिंदी मालिकेचाच एखादा भाग होता, असा समज करून घेऊन लोक सभागृहात येतात. पडद्यावर सूर्या दिसले की ती वाट वेगळी, हे लक्षात ठेवावे.

‘सिंघम रिटर्न्स’ हा सीक्वल आहे, पण त्याचे स्मरण सैल आहे. पहिल्या भागात बाजीरावचे मन काव्या भोसलेवर जडते. दुसऱ्या भागात त्याच्या आयुष्यात अवनी येते, आणि काव्याचे काय झाले याची कथेला पर्वा नाही. गुन्हाही नवा, शहरही नवे. म्हणून हा चित्रपट गाळला तरी मालिकेचा धागा तुटत नाही. त्यातून पुढे न्यायची गोष्ट एकच, ती म्हणजे अवनी, कारण ‘सिंघम अगेन’मध्ये ती बाजीरावची पत्नी आहे.

आता २०१८ च्या ‘सिम्बा’कडे यावे. याची गुंतागुंत अशी की तो एकाच वेळी दोन प्रकारांत बसतो. त्याचे कथानक पुरी जगन्नाथ यांच्या ‘टेम्पर’ या २०१५ च्या तेलुगू चित्रपटावरून घेतलेले आहे, म्हणून तो रिमेक आहे. पण त्याचा नायक संग्राम भालेराव शिवगडचा आहे, सिंघमच्या जगात वाढलेला आहे, आणि शेवटाकडे स्वतः बाजीराव तिथे येतो. म्हणून तो ‘सिंघम’चा स्पिन-ऑफही आहे. क्रम ठरवताना यांतील कोणते नाते मोजायचे? उत्तर पुन्हा स्मरणातच आहे. संग्रामच्या आयुष्यात ‘टेम्पर’मधील कोणीही नाही, पण बाजीराव सिंघम आहे. म्हणून ‘सिम्बा’आधी ‘सिंघम’ पाहिलेला असावा. ‘टेम्पर’ पाहण्याची आवश्यकता नाही. चित्रपट रिमेक आणि स्पिन-ऑफ असा दोन्ही असेल, तेव्हा क्रम नेहमी स्पिन-ऑफच्या नात्यावर ठरवावा, कारण रिमेकच्या नात्यातून कथेतील माणसांच्या आठवणीत काहीच येत नाही.

‘सिम्बा’च्या अखेरीस वीर सूर्यवंशीची ओळख करून दिली जाते, आणि २०२१ चा ‘सूर्यवंशी’ त्याची गोष्ट सांगतो. त्याच्या शेवटच्या लढाईत बाजीराव आणि संग्राम दोघेही येतात. ‘सूर्यवंशी’तला जॅकी श्रॉफ यांनी साकारलेला उमर हाफिज २०२४ च्या ‘सिंघम अगेन’मध्ये परततो, आणि त्यातील मुख्य खलनायक त्याचाच नातू आहे. म्हणजे नावाने ‘सिंघम’चा तिसरा भाग असणारा चित्रपट कथेने ‘सिंघम रिटर्न्स’पेक्षा ‘सूर्यवंशी’चे ऋण जास्त मानतो. आकडे मोजून ‘सिंघम’, ‘सिंघम रिटर्न्स’ आणि मग थेट ‘सिंघम अगेन’ असा क्रम लावणारा प्रेक्षक नेमक्या याच ठिकाणी फसतो: त्याला संग्राम आणि वीर हे कोण हे कळत नाही आणि खलनायकाचा राग कशाचा आहे हेही कळत नाही.

त्यामुळे आम्ही ठरवलेला क्रम असा होता: ‘सिंघम’, ‘सिम्बा’, ‘सूर्यवंशी’ आणि ‘सिंघम अगेन’, आणि ज्यांना हौस आहे त्यांनी ‘सिंघम रिटर्न्स’ दुसऱ्या जागी घरी पाहावा. प्रत्येक चित्रपट अडीच तासांच्या आसपास आहे, त्यामुळे एक चित्रपट कमी झाला तरी एक पूर्ण संध्याकाळ वाचते. ज्यांच्याकडे दोनच संध्याकाळी आहेत त्यांना मी ‘सूर्यवंशी’ आणि ‘सिंघम अगेन’ एवढेच पाहायला सांगेन.

काळाचा क्रम की प्रदर्शनाचा क्रम

वरच्या कुटुंबात हे दोन्ही क्रम एकच होते. जिथे पूर्वकथा येते तिथे ते वेगळे होतात. २०२२ साली ‘कांतारा’ आला आणि २०२५ साली त्याच्या पूर्वजांच्या काळातील गोष्ट सांगणारा ‘कांतारा: चॅप्टर १’ आला. नावातच ‘१’ असल्यामुळे तो आधी पाहायचा असे पुष्कळांनी गृहीत धरले. माझा सल्ला ठामपणे उलट आहे. पूर्वकथा लिहिणाऱ्याने प्रेक्षकाला पहिला चित्रपट माहीत आहे असे धरूनच लिहिलेले असते. पहिल्या चित्रपटात दैव, जंगल आणि जमिनीचे वचन यांविषयी जे कुतूहल निर्माण होते, त्याचे उत्तर दुसरा देतो. उत्तर आधी ऐकले तर प्रश्नच उरत नाही. म्हणून जिथे खात्री नसेल तिथे प्रदर्शनाच्या क्रमाने पाहावे. दुसऱ्यांदा पाहताना काळाचा क्रम लावून बघावा, तेव्हा तो खरोखर आनंद देतो.

‘दृश्यम’ची जोडी

आता काकूंच्या अडचणीकडे वळू. जीतू जोसेफ यांचा मल्याळम ‘दृश्यम’ २०१३ च्या डिसेंबरात आला आणि त्याचे कन्नड, तेलुगू, तमिळ व हिंदी रिमेक झाले. हिंदी रिमेक २०१५ साली ‘डोंबिवली फास्ट’चे दिग्दर्शक निशिकांत कामत यांनी केला. २०२१ च्या फेब्रुवारीत मल्याळम दुसरा भाग आला, आणि हिंदी दुसरा भाग २०२२ च्या नोव्हेंबरात अभिषेक पाठक यांच्या दिग्दर्शनाखाली आला. म्हणजे हिंदी ‘दृश्यम २’ हा हिंदी ‘दृश्यम’चा सीक्वल आहे आणि त्याच वेळी मल्याळम ‘दृश्यम २’चा रिमेकही आहे.

या ठिकाणी नियम सोपा आहे: भाषा बदलू नये. ज्या भाषेतील पहिला भाग पाहिला त्याच भाषेतील दुसरा पाहावा. कथानकाचा सांगाडा समान असला तरी तपशील समान नाहीत. हिंदीत सारा बनाव २ ऑक्टोबर आणि पणजीतील सत्संग यांभोवती उभा आहे, आणि दुसऱ्या भागात पोलीस त्याच गोष्टींकडे परत जातात. मल्याळममध्ये कुटुंब ख्रिस्ती आहे आणि ठिकाणे केरळमधील आहेत. ‘दृश्यम’सारख्या चित्रपटात तपशील हाच पुरावा असल्यामुळे असा बदल इतर रिमेकपेक्षा इथे जास्त खटकतो. तमिळ ‘पापनासम’ पाहिलेल्या प्रेक्षकासमोर मात्र वेगळीच अडचण आहे, कारण त्या आवृत्तीचा दुसरा भाग निघालेला नाही. त्याने मल्याळमचे दोन्ही भाग सलग पाहणे उत्तम.

चुकीची जोडी लागली आहे हे ओळखायला वेळ लागू नये. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत नायकाचे नाव, त्याचे गाव आणि त्याच्या घरातील माणसे यांपैकी दोन गोष्टी जुळत नसतील, तर चित्रपट थांबवून भाषा आणि वर्ष तपासावे. रहस्यपटात तेवढ्या वेळात सहसा फारसे उघड झालेले नसते, त्यामुळे नुकसान भरून निघते.

आणि चित्रपट पूर्ण पाहून झाल्यावर चूक कळली तर? अशा वेळी लगेच हिंदी ‘दृश्यम २’ लावावा असे मला वाटत नाही, कारण त्यातला मोठा उलगडा तोच आहे आणि तो आता नवा उरलेला नाही. त्याऐवजी मल्याळमचा २०१३ चा पहिला भाग पाहून ती जोडी पूर्ण करावी, असे मी काकूंना सांगितले. कथा ठाऊक असली तरी मोहनलाल यांचा जॉर्जकुट्टी विजय साळगावकरपेक्षा अधिक साधा आणि शांत दिसतो, आणि तो साधेपणा पाहिला की मल्याळम दुसऱ्या भागात त्याच्याकडे पाहण्याची गावकऱ्यांची नजर का बदललेली आहे, हे कळते. हिंदी दुसरा भाग काही महिन्यांनी, उलगड्याचे बारकावे विसरल्यावर पाहावा, आणि त्याआधी हिंदी पहिला भाग पुन्हा एकदा पाहून घ्यावा.